शहरांची लोकसंख्या नकाशावर: वर्तुळं की रंगछटा?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. एका स्मरणिकेसाठी महाराष्ट्रातल्या चाळीसेक शहरांची लोकसंख्या दाखवणारा नकाशा करतोय. आकडे २०११ च्या जनगणनेचे, कागद ए-४ आडवा, काम क्यूजीआयएसमध्ये. जिल्ह्यांच्या सीमा तयार मिळाल्या, म्हणून प्रत्येक जिल्ह्याला त्यातल्या सगळ्यात मोठ्या शहराच्या लोकसंख्येप्रमाणे फिकट ते गडद निळा रंग दिला. पण मुंबई शोधावी लागते आणि नजर जाते ती थेट अहिल्यानगर नि गडचिरोलीकडे. रंग बदलून पाहिले, गट पाचाचे सात केले, फरक नाही. रंगछटेनेच हे नीट जमेल, की वर्तुळांकडे वळावं?

सांख्यिक
वर्तुळांकडे वळा. दोष रंगाचा नाही. रंगछटेच्या नकाशात डोळा रंग पाहतोच, पण त्याआधी क्षेत्रफळ पाहतो. महाराष्ट्र ए-४ आडव्यावर बसवायचा तर प्रमाण साधारण एकास चाळीस लाख ठेवावं लागतं, म्हणजे एक मिलिमीटरला चार किलोमीटर. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौ. किमी आहे, तो कागदावर सुमारे ९०० चौ. मिमी जागा खातो. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौ. किमी, म्हणजे कागदावर जेमतेम ३८ चौ. मिमी. तिथे एक कोटी चोवीस लाख माणसं आहेत आणि गडचिरोली शहरात चोपन्न हजार. मुंबईला कितीही गडद निळा द्या, ३८ चौ. मिमीचा ठिपका ९०० चौ. मिमीच्या पट्ट्यापुढे हरणारच.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. पुणे शहराचा आकडा तुम्ही पुणे जिल्ह्यावर रंगवलात, म्हणजे वेल्हे आणि जुन्नरही त्याच गडद रंगात गेले. वाचणाऱ्याला वाटणार, तिकडेही तेवढीच दाटी आहे. आकडा एका ठिकाणचा आणि रंग सगळ्या जिल्ह्याला, ही खोट गट बदलून जात नाही.

घाटमाथा
सांख्यिक, निम्मं पटलं. एकूण आकडा रंगछटेने दाखवू नये हा नियम ठीक, पण मग घनता काढून रंगवा की! शहराची लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. जिल्ह्याऐवजी महानगरपालिकेची हद्द घ्या. क्षेत्रफळाचा प्रश्न आपोआप मिटतो आणि वर्तुळांची भानगडच नको.

सांख्यिक
घाटमाथा, घनता रंगछटेने दाखवणं बरोबरच आहे, पण त्याने उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं मिळतं. रेघोट्यांना शहर किती मोठं ते दाखवायचंय, किती दाट ते नाही. एखादं छोटं, पण दाटीवाटीचं शहर घनतेच्या नकाशात नागपूरपेक्षा गडद येईल. ते खोटं नसेल, पण स्मरणिका वाचणारा ते मोठं शहर असंच समजेल.

शिवाय कागदावरचा आकार पाहा. याच प्रमाणात मुंबईची हद्द चौकोन मानली तर बाजू सहा मिमी. पुण्याची २०११ ची हद्द साधारण अडीचशे चौ. किमी होती, तिची बाजू चार मिमी. कोल्हापूर सदुसष्ट चौ. किमीच्या आसपास, बाजू दोन मिमी. दोन मिमीच्या तुकड्यात पाच निळ्या छटांतली तिसरी की चौथी हे छापील कागदावर कोणाला ओळखता येणार?

सदाशिव_पेठी
हद्दीवरून आठवलं. पुण्याची वॉर्डनिहाय घनता रंगवताना एक जण आजची हद्द आणि २०११ ची लोकसंख्या घेऊन बसला होता. २०१७ मध्ये ११ गावं पालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. भाजक फुगला, भाज्य तेवढाच राहिला आणि पुणे अचानक विरळ झालं. वॉर्डांसाठी काय करावं? तिथेही वर्तुळंच का?

सांख्यिक
वॉर्डांना रंगछटाच, आणि तीही घनतेची. वॉर्ड सगळी जमीन व्यापतात, एकमेकांना चिकटून असतात. शहरं तशी नसतात, राज्याच्या नकाशावर ती बिंदू असतात. हद्द नि आकडा एकाच वर्षाचे हवेत हे मात्र तुम्ही म्हणता तसंच.

भूगोलगुरुजी
शाळेत वितरणाचे नकाशे शिकवताना तीन पद्धती सांगतो: टिंब, क्षेत्रघनी, समघनी. लोकसंख्येला टिंब पद्धत, असं पाठ्यपुस्तकातलं ठरलेलं उत्तर. मग इथे टिंबंच का नको? एक टिंब म्हणजे एक लाख माणसं. गडचिरोलीला अर्धं टिंब पडेल, तेवढं चालवून घेऊ.

नकाशावाली
गुरुजी, जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या पसरलेली असते, तिला टिंब पद्धत उत्तम. इथे माणसं एका बिंदूत गोळा झालेली आहेत. मुंबईला १२४ टिंबं लागतील. एक मिमी व्यासाचं टिंब धरलं तर त्यांचं क्षेत्रफळ ९७ चौ. मिमी होतं आणि मुंबईला जागा आहे ३८ चौ. मिमी. टिंबं समुद्रात आणि ठाण्यात सांडतील किंवा एकमेकांवर चढून एक डाग होईल. मोजता तर कुणालाच येणार नाहीत.

रेघोट्या, तुमच्या गटांच्या प्रश्नाकडे येते, कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात आणि रंगाला दोष देतात. सगळ्यात लहान ०.५४ लाख, सगळ्यात मोठं १२४.४ लाख. त्याचे पाच समान गट केले की प्रत्येक गट जवळजवळ पंचवीस लाखांचा होतो. पहिला गट २५.३ लाखांपर्यंत जातो. नागपूर २४.१ लाख, म्हणजे नागपूर आणि गडचिरोली एकाच छटेत. दुसऱ्या गटात एकटं पुणे, ३१.२ लाख. तिसरा आणि चौथा रिकामे. पाचव्यात एकटी मुंबई. पाच छटा खर्च करून नकाशा सांगतो काय, तर मुंबई, पुणे आणि बाकीचे.

आता समान संख्येचे गट करून पाहा. चाळीस शहरं, पाच गट, प्रत्येकात आठ. सगळ्यात वरच्या आठात मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार. मुंबई १२४ लाख, वसई-विरार १२.२ लाख, आणि रंग तोच. दहापट फरक गिळला. गट सात करा की नऊ, आकड्यांचा उतार इतका तीव्र आहे की कुठेतरी हे होणारच. वर्तुळांना गटच लागत नाहीत, प्रत्येक शहराला स्वतःचा आकार मिळतो. खरा फायदा हाच.

रेघोट्या
पटलं. वर्तुळं करून पाहिली. व्यास लोकसंख्येच्या प्रमाणात दिला. आता मुंबईने अर्धं कोकण झाकलंय आणि सोलापूर टाचणीच्या डोक्याएवढं. हेही चुकलंच ना?

नकाशावाली
हो, सगळ्यांची पहिली चूक हीच असते. डोळा व्यास नाही, वर्तुळाचं क्षेत्रफळ पाहतो. मुंबई सोलापूरच्या तेरापट. व्यास तेरापट केलात की क्षेत्रफळ एकशे एकोणसत्तरपट होतं. म्हणून व्यास वर्गमुळाच्या प्रमाणात हवा: तेराचं वर्गमूळ ३.६, तेवढाच पट.

मुंबईला २४ मिमी व्यास ठरवा आणि बाकीचे त्यावरून काढा. Size च्या शेजारच्या खुणेवर टिचकी मारून Edit निवडा आणि हे सूत्र टाका, स्तंभाचं नाव तुमचं:

```
24 * sqrt("lok_2011" / 12442373.0)
```

एकक Millimeters ठेवा. ताळा करायला हे व्यास घ्या: पुणे १२.०, नागपूर १०.६, ठाणे ९.२, नाशिक ८.३, सोलापूर ६.६, कोल्हापूर ५.०, गडचिरोली १.६ मिमी. पुणे मुंबईच्या बरोबर निम्म्या व्यासाचं यायला हवं, कारण लोकसंख्या चौथाई आहे. तसं आलं नाही तर कुठेतरी घोळ आहे.

सगळी वर्तुळं एकाच मापाची आली तर स्तंभ तपासा. आकडे 1,24,42,373 असे स्वल्पविरामासकट आले असतील तर क्यूजीआयएस त्यांना मजकूर समजतं आणि सूत्र गप्पपणे फसतं. मग असं लिहा:

```
24 * sqrt(to_real(replace("lok_2011", ',', '')) / 12442373.0)
```

घाटमाथा
सूत्र कशाला? त्याच मेनूत Assistant आहे. किमान-कमाल भरा, काम झालं. शिवाय किमान आकार ३ मिमी दिला की गडचिरोलीसारखी छोटी शहरंही दिसतात.

नकाशावाली
घाटमाथा, Assistant वापरा, पण आकडे शून्यापासून आणि आकारही शून्यापासून भरा. नाहीतर प्रमाण मोडतं आणि नकाशा छान दिसत असल्यामुळे ते कळतही नाही. तुमचंच उदाहरण घ्या: ०.५४ लाखाला ३ मिमी, १२४.४ लाखाला २४ मिमी. कोल्हापूर ५.५ लाख. ते ५.० ऐवजी ७.२ मिमी येतं. म्हणजे मुंबई खरी साडेबावीसपट असताना वर्तुळात फक्त अकरापट दिसते. मधली सगळी शहरं फुगतात.

छोटं शहर दिसत नसेल तर बारीक गडद कडा द्या किंवा नाव लिहा. दीड मिमीचा ठिपका छापील कागदावर दिसतो. एक मिमीच्या खाली जाणारी शहरं वगळा किंवा चौकोनी खूण करून तळटीपेत लिहा.

सांख्यिक
Assistant मध्ये Scale method मध्ये Surface आणि Flannery असे दोन पर्याय दिसतील, तेही सांगून ठेवतो. Surface म्हणजे शुद्ध वर्गमूळ, घात ०.५. Flannery मध्ये घात ०.५७. जेम्स फ्लॅनरी यांचा १९७१ चा निबंध आहे. माणसं मोठं वर्तुळ आहे त्यापेक्षा लहान समजतात, म्हणून ते थोडं वाढवायचं, असा त्याचा अर्थ. मुंबई २४ मिमी कायम ठेवली तर फ्लॅनरीने पुणे १२.० चं १०.९ होतं, सोलापूर ६.६ चं ५.५, गडचिरोली १.६ चं १.१. मी फ्लॅनरीच वापरतो.

नकाशावाली
मी नाही वापरत. ती सुधारणा सरासरी माणसाची आहे आणि माणसामाणसांत अंदाज फार वेगळे पडतात. शिवाय सूचीत प्रमाणवर्तुळं असतील तर वाचणारा तुलना करूनच वाचतो. मग क्षेत्रफळ खरं ठेवलेलं बरं, कुणी पट्टी लावली तरी उत्तर बरोबर येतं. आणि इथे छोटी शहरं आधीच बारीक आहेत, फ्लॅनरी त्यांना आणखी बारीक करतो.

सांख्यिक
पट्टी लावणारा वाचक मला अजून भेटायचाय. 🙂 पण दीड मिमीचं एक मिमी होतं हा मुद्दा या नकाशापुरता मान्य. पडद्यावरच्या नकाशात मी माझाच घात वापरणार.

रेघोट्या
वर्गमूळ लावलं, पुणे बरोबर १२ मिमी आलं. आता ठाणे, नवी मुंबई, कल्याण गायब! पिंपरी-चिंचवड निम्मं पुण्याखाली.

नकाशावाली
गायब नाहीत, मुंबईच्या खाली आहेत. २४ मिमीचं वर्तुळ या प्रमाणात ९६ किमी रुंद होतं. ठाणे मुंबईच्या मध्यबिंदूपासून साधारण १८ किमी, म्हणजे कागदावर साडेचार मिमी. ठाण्याची त्रिज्या ४.६. दोन्ही मिळून ९.१ आणि मुंबईची त्रिज्या १२. ठाणे पूर्णच आत बसतं. कल्याण-डोंबिवलीही जेमतेम आतच.

पहिला उपाय क्रमाचा. Layer Rendering खाली Control feature rendering order ला खूण करा, लोकसंख्येचा स्तंभ निवडा, Descending करा. मोठी वर्तुळं आधी काढली जातात, छोटी वर येतात. भरण थोडं पारदर्शक ठेवा, पण कडा पूर्ण आणि पांढरी. कडाही पारदर्शक झाली की कोणतं वर्तुळ कुठे संपतं ते कळत नाही, आणि भरण फारच पारदर्शक केलं की एकावर एक आलेला भाग गडद होऊन तिथे काहीतरी वेगळं आहे असं वाटतं.

पुणे-पिंपरीला एवढं पुरेल. मुंबईला नाही, तिथे जोडनकाशा लागेल. राज्याच्या आग्नेयेला, नांदेड-गडचिरोलीच्या खाली कागद मोकळा असतो, तिथे नव्वद बाय पंचाहत्तर मिमीची चौकट सहज बसते. त्यात विरार ते कुलाबा आणि कल्याणपर्यंतचा भाग एकास आठ लाख प्रमाणात घ्या. ठाणे आता साडेबावीस मिमी दूर जातं आणि दोन्ही त्रिज्या मिळून १६.६, म्हणजे मोकळं सुटतं.

गंमत इथेच आहे: नकाशा मोठा झाला, पण वर्तुळं मोठी करायची नाहीत. म्हणूनच एकक Millimeters. Map Units ठेवलंत तर जोडनकाशात मुंबई १२० मिमी होईल आणि सूची खोटी ठरेल. मुख्य नकाशात त्या भागात फक्त मुंबईचं वर्तुळ आणि चौकटीची रेघ ठेवा.

अंबरनाथी
एवढं करण्यापेक्षा नागरी समूहाचा आकडा घ्या ना. बृहन्मुंबई १.८४ कोटी, पुणे ५०.६ लाख. ठाणे, कल्याण, नवी मुंबई, आमचं अंबरनाथ सगळं त्यातच आहे. एक वर्तुळ, प्रश्न खलास.

सांख्यिक
चालेल, फक्त मिसळू नका. मुंबईला समूहाचा आकडा आणि शेजारी ठाण्याचं वेगळं वर्तुळ, असे नकाशे सर्रास दिसतात. त्यात ठाणेकर दोनदा मोजले जातात. समूह घेतला तर ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर काढून टाका. वसई-विरार आणि भिवंडी मात्र ठेवा, २०११ मध्ये ती मुंबई समूहात धरलेली नव्हती. पुणे समूह घेतलात तर पिंपरी-चिंचवड काढा. आणि सूत्रातला भाजक बदला, नाहीतर मुंबई २४ च्या जागी २९ मिमी येईल.

कोणता आकडा घ्यायचा ते तुमचा नकाशा कशासाठी आहे त्यावर. महानगरपालिकांची ओळख करून द्यायची असेल तर समूह नको.

मांडवीकाठ
मी गोव्याचा असाच नकाशा करतोय. पणजी चाळीस हजारांच्या आसपास, मडगाव सत्त्याऐंशी हजार. वरचंच सूत्र लावलं तर पणजी १.४ मिमी येते. भाजक बदलला, तर सगळी वर्तुळं जवळजवळ सारखीच दिसतात.

नकाशावाली
दिसणारच. मडगाव पणजीच्या दुपटीहून थोडं जास्त, वर्गमुळाने व्यास दीडपटही होत नाही. आकड्यांतला फरक शेकडोपट असतो तिथे वर्तुळं कामाला येतात, दुपटीला ती तोकडी पडतात. तुमच्याकडे शहरं मोजकी आहेत. वर्तुळं ठेवा आणि आकडा वर्तुळाशेजारी लिहा. फरक उठून दिसावा म्हणून घात वाढवू नका. आणि महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी छापणार असाल तर दोघांची सूची वेगळी द्या, नाहीतर मडगाव नागपूरएवढं वाटेल.

भूगोलगुरुजी
म्हणजे क्षेत्रघनी पद्धत या विषयातून बादच?

सांख्यिक
बाद नाही गुरुजी, तिची जागा वेगळी. हेन्री ड्र्युरी हार्नेस यांनी १८३७ मध्ये आयर्लंडच्या रेल्वे आयोगासाठी केलेल्या लोकसंख्येच्या नकाशात दोन्ही आहेत: ग्रामीण भागाला घनतेची छटा आणि शहरांना वर्तुळं. रेघोट्यांनाही ते करता येईल. जिल्ह्यांची ग्रामीण घनता अगदी फिकट राखाडीत तीन गटांत, वर वर्तुळं. मात्र घनता ग्रामीणच हवी, नाहीतर शहरातली माणसं वर्तुळात आणि छटेत, दोन्हीकडे येतील.

दुसरी जागा वर्तुळाच्या आत. आकाराने संख्या आणि रंगाने वाढीचा दर. २००१ ते २०११ मध्ये मुंबई ११९.८ लाखांवरून १२४.४ वर गेली, वाढ चार टक्क्यांच्या आत. पिंपरी-चिंचवड १०.१ वरून १७.३ लाखांवर, म्हणजे एकाहत्तर टक्के. मोठं फिकट वर्तुळ आणि मध्यम गडद वर्तुळ शेजारीशेजारी आलं की गोष्ट लगेच कळते. दीड मिमीच्या ठिपक्यात मात्र रंग वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तीनच छटा ठेवा.

नकाशावाली
रेघोट्या, रंगाच्या मागे लागण्याआधी सूची करा. थराच्या Symbology पानावर खाली Advanced मध्ये Data-defined Size Legend आहे, त्यात Collapsed legend घ्या. वर्तुळं एकात एक, तळाला टेकलेली येतात. सूचीला सूत्र वाचता येत नाही, म्हणून आधी सूत्राच्या जागी Assistant मध्ये ० ते १२४४२३७३ ला ० ते २४ मिमी आणि Surface द्या; व्यास तेच येतात. आपोआप आलेले आकडे खोडा आणि १ लाख, १० लाख, ५० लाख, १ कोटी हाताने भरा. ती २.२, ६.८, १५.२ आणि २१.५ मिमी यायला हवीत. एक कोटीचं वर्तुळ टाळू नका, नाहीतर मुंबईची तुलना करायला काहीच उरत नाही.

छपाईआधी पीडीएफ शंभर टक्क्यांवर छापून मुंबईला पट्टी लावा. मुद्रक पान बसवण्यासाठी नकाशा ९२ टक्के करतात. सूची त्याच चौकटीत असेल तर तीही तेवढीच लहान होते, काही बिघडत नाही. सूची वेगळं चित्र म्हणून नंतर चिकटवलीत तर बिघडतं.

रेघोट्या
पट्टी लावणारा वाचक नाही, पण पट्टी लावणारी नकाशावाली आहे तर. 🙂 जोडनकाशा जमला, ठाणे मोकळं झालं. नवी मुंबईचं नाव मात्र मुंबईच्या वर्तुळाच्या कडेला चिकटतंय. आणि अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली जोडनकाशातही एकमेकांवर चढतात.

नकाशावाली
नवी मुंबईचं नाव पूर्वेला पनवेलच्या बाजूला ढकला. त्या तिघांचं काम अवघड आहे. वर्तुळं मूळ जागेवरून थोडी सरकवून बारीक रेघेने जोडता येतात, पण मग ती जागेवर नाहीत असं लिहावं लागतं. मी सरकवत नाही, कडा ठेवून चढू देते.

सांख्यिक
मी सरकवतो. दोन मिमी सरकलं तर जोडनकाशात दीडेक किलोमीटरचा फरक, स्मरणिकेच्या वाचकाला तो जाणवत नाही. चढलेली वर्तुळं मात्र जाणवतात.

अंबरनाथी
अंबरनाथ सरकवा, पण बदलापूरच्या पलीकडे नको. 😄